दोन टक्क्यांचा फरक आणि रोख्याचा खरा भाव

सोलापूर जिल्ह्यातील एका आडत पेढीच्या मालकांचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे केंद्र सरकारचे तीस वर्षे मुदतीचे, ७ टक्के व्याजाचे, १ कोटी रुपये दर्शनी किमतीचे रोखे आहेत. हे रोखे बँकेकडे तारण ठेवून हंगामात ८० लाखांपर्यंत उचल करावी, असा त्यांचा विचार आहे. रोख्यांची किंमत उचलीच्या खाली आली तर फरकाची रक्कम तातडीने भरावी लागेल, हे ते जाणतात. म्हणून बाजारातील व्याजदर एकदम २ टक्क्यांनी वाढले तर रोख्यांची किंमत किती राहील, याचा हिशेब घरात झाला. वडिलांनी ड्युरेशन लावून ७५ लाख ६ हजार हा आकडा काढला. सीएचा अभ्यास करणाऱ्या चिरंजीवांनी त्यात कन्व्हेक्सिटीची दुरुस्ती मिळवली आणि उत्तर ८० लाख ८ हजार आणले. वडिलांच्या हिशेबाने ८० लाखांची उचल धोक्याची ठरते आणि चिरंजीवांच्या हिशेबाने ती निभावते. दोन्ही कागद पत्रासोबत जोडून, यातला खरा कोणता, असा प्रश्न त्यांनी विचारला आहे.

दोन्ही कागदांवरची बेरीज-वजाबाकी निर्दोष आहे. तरीही खरे उत्तर या दोहोंपैकी एकही नाही. ते ७९ लाख ३६ हजार आहे. वडिलांचा आकडा सव्वाचार लाखांहून अधिक कमी आहे आणि चिरंजीवांचा ७२ हजारांनी जास्त. हे कसे घडते ते पाहण्यासाठी आधी सूत्रे बाजूला ठेवून रोख्याचे भावच एका ओळीत मांडू.

रोखा १०० रुपयांचा, व्याज वर्षाला ७ रुपये, सरकारी रोख्यांच्या रीतीप्रमाणे ते साडेतीन-साडेतीन रुपयांच्या दोन हप्त्यांत मिळणारे, मुदत पूर्ण तीस वर्षे. बाजाराला अपेक्षित असलेला परतावा दरही ७ टक्केच असेल तर भाव बरोबर १०० रुपये. आता हा दर क्षणात बदलला असे धरू. दर ५ टक्के झाला तर भाव १३० रुपये ९१ पैसे होतो. ६ टक्क्यांना तो ११३ रुपये ८४ पैसे, ८ टक्क्यांना ८८ रुपये ६९ पैसे आणि ९ टक्क्यांना ७९ रुपये ३६ पैसे. हे अंदाज नव्हेत. पुढच्या साठ हप्त्यांचे आणि शेवटी परत मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य काढून आलेले हे भाव आहेत.

आता पायऱ्या पाहाव्यात. दर ५ वरून ६ वर गेला तेव्हा भाव १७ रुपये ७ पैशांनी उतरला. ६ वरून ७ वर जाताना १३ रुपये ८४ पैशांनी, ७ वरून ८ वर जाताना ११ रुपये ३१ पैशांनी आणि ८ वरून ९ वर जाताना अवघ्या ९ रुपये ३३ पैशांनी. दर प्रत्येक वेळी एकाच टक्क्याने चढतो आहे, पण भावाची घसरण प्रत्येक पायरीला लहान होत जाते. उलट दिशेने, दर उतरत गेले तर प्रत्येक पायरीला भाव अधिकाधिक उसळी घेतो. आलेखावर हे भाव मांडले तर सरळ रेष मिळत नाही, खालच्या अंगाला फुगलेली वक्र रेषा मिळते. गणिताच्या भाषेत या वाकण्याला बहिर्वक्रता म्हणतात आणि रोख्यांच्या बाजारात सर्वजण कन्व्हेक्सिटी म्हणतात.

ड्युरेशन ही त्या वक्र रेषेला ७ टक्क्यांच्या बिंदूपाशी टेकवलेली पट्टी आहे. आपल्या रोख्याचे सुधारित ड्युरेशन १२.४७ येते. त्याचा अर्थ, दर ७ टक्क्यांच्या आसपास हलला तर प्रत्येक टक्क्यामागे भाव सुमारे १२.४७ टक्के हलेल. पण वर पाहिले त्याप्रमाणे कोणतीही पूर्ण पायरी १२.४७ रुपयांची नाही. एका बाजूची पायरी त्याहून मोठी आहे आणि दुसऱ्या बाजूची त्याहून लहान. टेकवलेली पट्टी वक्र रेषेला एकाच जागी स्पर्श करते आणि पुढे दोन्ही बाजूंना रेषेच्या खालीच राहते. म्हणून केवळ ड्युरेशनने केलेला हिशेब दर वाढले तर तोटा फुगवून सांगतो, दर उतरले तर नफा कमी करून सांगतो. दोन्ही वेळा चुकतो तो एकाच बाजूला, भाव कमी दाखवण्याच्या बाजूला. वडिलांच्या हिशेबात १२.४७ दुणे २४.९४ टक्के घट धरली गेली. प्रत्यक्ष घट २०.६४ टक्क्यांची आहे.

लहान हालचालींत ही चूक नजरेत भरत नाही. रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने बदलला आणि रोख्याचा परतावाही तेवढाच सरकला, तर ड्युरेशन ३ रुपये १२ पैशांचा फरक दाखवते आणि राहून गेलेली दुरुस्ती जेमतेम ८ पैशांची असते. एवढ्यासाठी कोणी वही उघडणार नाही. पण दुरुस्ती दराच्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाव टक्क्याचा एक टक्का झाला, म्हणजे फरक चौपट झाला, की दुरुस्ती सोळापट होऊन सव्वा रुपयावर जाते. दोन टक्क्यांना ती पाच रुपयांवर पोचते. मोठ्या हालचालीच्या वेळीच कन्व्हेक्सिटीची आठवण काढावी लागते, त्याचे कारण हेच. आणि अशा हालचाली आपल्याकडे घडलेल्या आहेत. २००८ च्या जुलै महिन्यात दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा ९ टक्क्यांच्या वर होता, त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर तो साडेपाच टक्क्यांच्याही खाली आला. २०१३ च्या मे महिन्यात सात टक्क्यांच्या थोडा वर असलेला परतावा ऑगस्टमध्ये ९ टक्क्यांपलीकडे गेला. म्हणून पेढीच्या मालकांनी दोन टक्क्यांचा विचार करावा, यात भित्रेपणा नाही.

आता चिरंजीवांची दुरुस्ती. ती अशी: कन्व्हेक्सिटीचा आकडा घ्यावा, त्याला दराच्या फरकाच्या वर्गाने गुणावे, आलेल्या गुणाकाराचे निम्मे करावे आणि ते ड्युरेशनच्या उत्तरात मिळवावे. दर वाढो की उतरो, ही रक्कम मिळवायचीच असते, कारण वर्ग नेहमी धनच असतो. आपल्या रोख्याची कन्व्हेक्सिटी २५१.२ आहे. दोन टक्के म्हणजे ०.०२, त्याचा वर्ग ०.०००४. गुणाकार ०.१००५ आणि त्याचे निम्मे ०.०५०२, म्हणजे ५.०२ टक्के. २४.९४ टक्क्यांच्या घटीतून ५.०२ वजा जाता १९.९२ टक्के उरतात, आणि १ कोटीचे ८० लाख ८ हजार राहतात.

हे ‘निम्मे’ कुठून आले, असा प्रश्न पुष्कळांना पडतो आणि सूत्र पाठ करणारे तेच नेमके विसरतात. त्याचे कारण व्यापाऱ्याला सहज समजेल असे आहे. कन्व्हेक्सिटी सांगते की दर वाढत जाताना प्रत्येक टक्क्याची घसरण कोणत्या वेगाने कमी होते. २५१ ची कन्व्हेक्सिटी म्हणजे दर दोन टक्के चढेपर्यंत ही घसरण टक्क्याला १२.४७ रुपयांवरून ५.०२ रुपयांनी कमी होऊन ७.४५ रुपयांवर येईल. परंतु हा ७.४५ चा वेग केवळ शेवटच्या क्षणाचा आहे, सुरुवातीला वेग १२.४७ चाच होता. वाटेतला सरासरी वेग दोहोंच्या मध्यावर, म्हणजे ९.९६ रुपये धरावा लागतो. त्याला दोन टक्क्यांनी गुणले की १९.९२ येतात. सरासरी काढताना आपण दोनाने भागतो, तेच ते निम्मे.

आणि याच जागी चिरंजीवांच्या उत्तरातील ७२ हजारांची फटही सापडते. त्यांच्या हिशेबात वेग एकसारखा कमी होत ७.४५ वर येतो. प्रत्यक्षात दर ९ टक्क्यांवर पोचला तेव्हा भावाच्या घसरणीचा वेग टक्क्याला ८.४८ रुपये आहे, ७.४५ नव्हे. कारण दर वाढत जाताना रेषेचे वाकणेही थोडे-थोडे कमी होत जाते. ती सुरुवातीला जितकी वाकलेली असते तितकी पुढे राहत नाही. कन्व्हेक्सिटीचा आकडा ७ टक्क्यांच्या ठिकाणी मोजलेला असतो आणि आपण तोच संपूर्ण वाटेवर लागू करतो, त्यामुळे दिलासा जरा जास्त मोजला जातो.

यातून तारण ठेवणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट निघते. साध्या, मुदतीपूर्वी परत न बोलावता येणाऱ्या रोख्यासाठी, दर वाढले तर खरा भाव नेहमी ड्युरेशनच्या उत्तराच्या वर आणि कन्व्हेक्सिटीने सुधारलेल्या उत्तराच्या खाली असतो. दोन अंदाज म्हणजे दोन भिंती, खरा भाव त्यांच्या मधल्या खोलीत. आपल्या उदाहरणात ही खोली ७५.०६ पासून ८०.०८ लाखांपर्यंत आहे आणि खरा भाव वरच्या भिंतीला बराच लगटून आहे. सुधारलेला अंदाज चांगला आहे, पण तो ज्या बाजूला चुकतो ती कर्जदाराच्या दृष्टीने असुरक्षित बाजू आहे. ८० लाखांची उचल असलेल्या पेढीला चिरंजीवांचा कागद ८ हजारांची निश्चिंती देतो आणि प्रत्यक्षात बँक ६४ हजार मागू शकते. बँक तारणावर जे मार्जिन राखते ते मी येथे हिशेबात धरलेले नाही. ते धरले तर उचलीची मर्यादा आणखी खाली येईल.

दर उतरले तर मात्र चित्र वेगळे दिसते. दर ५ टक्के झाला तर ड्युरेशन २४.९४ टक्के नफा सांगते, दुरुस्तीनंतर २९.९७ टक्के येतात आणि प्रत्यक्ष नफा ३०.९१ टक्के असतो. येथे खरा भाव दोन्ही अंदाजांच्या वर आहे. तोटा २०.६४ आणि नफा ३०.९१, असा हा दोन्ही दिशांना समान फरकाचा असमान सौदा आहे. तो पाहून काही सल्लागार लांब मुदतीचे रोखे म्हणजे एकतर्फी लाभ असे भासवतात. तसे नाही. ही बाजू बाजारालाही ठाऊक असते आणि तिची किंमत भावात आधीच धरलेली असते. अधिक कन्व्हेक्सिटी असलेल्या रोख्यावर थोडा कमी परतावा स्वीकारावा लागतो, आणि दर जागचे हललेच नाहीत तर ती कमतरता पदरात पडते.

कन्व्हेक्सिटी येते कोठून, हेही थोडक्यात पाहू. रोख्याचे पैसे काळाच्या किती पट्ट्यात पसरले आहेत, यावर ती ठरते. समजा असा एक रोखा आहे ज्यावर मधे काहीच व्याज मिळत नाही, एकदम १२ वर्षे ११ महिन्यांनी सगळी रक्कम हाती येते. त्याचेही सुधारित ड्युरेशन १२.४७ च येईल, पण कन्व्हेक्सिटी केवळ १६२ च्या आसपास. आपल्या तीस वर्षांच्या रोख्याचे काही पैसे सहा महिन्यांत येतात आणि काही तीस वर्षांनी. दर वाढले की दूरच्या पैशाचे आजचे मूल्य सर्वाधिक झिजते, त्यामुळे उरलेल्या किमतीत जवळच्या पैशाचा वाटा वाढतो, आणि रोखा आपोआप थोडा ‘आखूड’ होतो. घसरणीचा वेग मंदावतो तो त्यामुळेच. ज्याचे सर्व पैसे एकाच दिवशी येतात, त्याला वाटा बदलण्याची सोय नसते. ड्युरेशन एकच असलेले हे दोन रोखे दोन टक्क्यांच्या दरवाढीत अनुक्रमे २१.९८ आणि २०.६४ टक्के उतरतात. फ्रँक रेडिंग्टन या इंग्रज विमागणितज्ञाने १९५२ साली आयुर्विमा कंपन्यांना हाच धडा दिला होता. मालमत्तेचे आणि देण्यांचे ड्युरेशन जुळवणे पुरेसे नाही, मालमत्तेचा पैसा देण्यांपेक्षा काळात अधिक पसरलेला असावा, म्हणजे दर कुठेही सरकले तरी बाजू सांभाळली जाते. ड्युरेशनची कल्पना फ्रेडरिक मॅकॉले यांनी १९३८ मध्ये मांडली होती, ही दुसरी अट तिच्यानंतर चौदा वर्षांनी आली.

आता या दुरुस्तीची मर्यादा, आणि तिच्यासाठी युरोपात जावे लागेल. २०२० च्या जून महिन्यात ऑस्ट्रिया सरकारने शंभर वर्षे मुदतीचा रोखा विकला. व्याज वर्षाला अवघे ०.८५ टक्के, परतफेड २१२० साली. त्या काळी युरोपात दर शून्याच्या खाली होते आणि एवढे व्याजही खरेदीदारांना गोड वाटले. पुढे महागाई आली. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेव दर २०२२ च्या मध्यापर्यंत उणे अर्धा टक्का होता, तो २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ४ टक्क्यांवर गेला. त्या वर्षी शरद ऋतूत या रोख्याचा भाव १०० युरोंमागे ४० च्याही खाली उतरला होता.

हिशेब सोपा व्हावा म्हणून समजू की हा रोखा १०० युरोंना, ०.८५ टक्के परताव्याने घेतला आणि नंतर दर एकदम ३ टक्के झाला. दराचा फरक २.१५ टक्क्यांचा. या रोख्याचे सुधारित ड्युरेशन ६७.२ येते. त्याला २.१५ ने गुणले तर घट १४४ टक्के! म्हणजे १०० युरोंचा रोखा फुकट देऊन वर ४४ युरो द्यावे लागतील, असा निकाल. सरळ पट्टी वक्र रेषेपासून किती दूर जाऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. आता दुरुस्ती करू. कन्व्हेक्सिटी सुमारे ५,८०० आहे. तिला ०.०२१५ च्या वर्गाने गुणून निम्मे केले की १३४ टक्के येतात. ते मिळवल्यावर घट उरते केवळ १० टक्क्यांची, म्हणजे भाव ९० च्या आसपास. आणि प्रत्येक हप्त्याचे मूल्य काढून आलेला खरा भाव? ३२ युरो ६ सेंट. घट ६८ टक्के.

खरा भाव येथेही दोन भिंतींच्या आतच आहे, पण खोली इतकी मोठी झाली की तिचा काही उपयोग उरला नाही. दुरुस्तीने मूळ चूक सुधारण्याऐवजी तेवढ्याच तोलाची दुसरी चूक उलट दिशेला उभी केली. याची पूर्वसूचना कशी मिळावी? ड्युरेशन आणि दराचा फरक यांचा गुणाकार पाहावा. तो पाव हिश्श्यापर्यंत, म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत असेल तर कन्व्हेक्सिटीची दुरुस्ती विश्वासार्ह असते. आपल्या तीस वर्षांच्या रोख्यात तो २४.९४ होता आणि उत्तर पाऊण टक्क्याच्या आत आले. तो ५० टक्क्यांच्या पुढे गेला की सावध व्हावे, आणि दुरुस्तीची रक्कम मूळ ड्युरेशनच्या रकमेच्या जवळपास आली की कागद बाजूला ठेवावा. ऑस्ट्रियाच्या रोख्यात १४४ आणि १३४, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आले, तोच इशारा होता.

मग करावे काय? एकच रोखा असेल, त्याची मुदत आणि व्याज ठाऊक असेल, तर अंदाज हवाच कशाला? संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यात एका ओळीत खरा भाव निघतो. आपल्या रोख्यासाठी दर ९ टक्के, साठ हप्ते, दर हप्त्याला साडेतीन रुपये आणि अखेरीस १०० रुपये:

```
=-PV(0.09/2, 60, 3.5, 100)
```

उत्तर ७९.३६ येते. दर बदलून हीच ओळ पुन्हा लिहावी. पेढीच्या मालकांना माझे उत्तर हेच आहे, आणि चिरंजीवांनी ती ओळ दर अर्ध्या टक्क्याला लिहून एक छोटी यादी तारणाच्या फाइलमध्ये ठेवावी.

पण कन्व्हेक्सिटी निरुपयोगी झाली असे नाही. जेथे रोखे अनेक असतात आणि आतला तपशील हाती नसतो, तेथे तीच कामाला येते. बऱ्याच घरांतून लांब मुदतीच्या गिल्ट फंडात पैसे असतात. त्यांच्या मासिक पत्रकात मॅकॉले ड्युरेशन, सुधारित ड्युरेशन आणि परतावा दिलेला असतो, पण कन्व्हेक्सिटी बहुधा नसते. येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, हिशेबाला सुधारित ड्युरेशनच घ्यावे. मॅकॉले ड्युरेशन त्याहून थोडे मोठे असते, आपल्या रोख्याचे ते १२.९१ आहे. दुसरी, साध्या रोख्यांची कन्व्हेक्सिटी सुधारित ड्युरेशनच्या वर्गाहून कमी नसते. त्यामुळे निदान एवढी दुरुस्ती मिळेल असा तळ बांधता येतो: ड्युरेशनने आलेल्या टक्केवारीचा वर्ग करून निम्मे करावे. २४.९४ टक्के म्हणजे ०.२४९४, वर्ग ०.०६२२, निम्मे ०.०३११, म्हणजे ३.११ टक्के. २४.९४ मधून ते वजा केले तर २१.८३ टक्के घट येते. खरी घट २०.६४ आहे. अंदाज जवळचा आणि सुरक्षित बाजूला, तोही खिशातल्या कॅल्क्युलेटरवर.

एक सूचना आकड्यांच्या लेखनाबद्दल. काही पडद्यांवर आणि तक्त्यांत कन्व्हेक्सिटी शंभराने भागून, म्हणजे २५१ ऐवजी २.५१ अशी लिहिलेली असते. कोठे ती आधीच निम्मी करून दिलेली असते. न पाहता सूत्रात घातली तर दुरुस्ती शंभरपट लहान किंवा निम्मी होते. ओळखण्याची रीत वर आलीच आहे: आकडा सुधारित ड्युरेशनच्या वर्गापेक्षा लहान दिसला, तर त्यावर काहीतरी संस्कार झालेला आहे असे समजावे. १२.४७ चा वर्ग १५५ च्या वर जातो, तेथे २.५१ किंवा १२६ बसत नाही.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे, कारण ती प्रत्यक्ष विक्रीशी संबंधित आहे. वर ठिकठिकाणी मी ‘साधा रोखा’ असे म्हटले, ते कंपन्यांच्या अशा रोख्यांना लागू नाही जे काढणारी कंपनी मुदतीपूर्वी १०० रुपयांना परत घेऊ शकते. हे रोखे दलाल मंडळी जास्त व्याजाचे म्हणून घरोघरी दाखवतात. दर उतरले की कंपनी स्वस्त कर्ज काढून जुना रोखा फेडते, त्यामुळे भाव १०० च्या फार वर जाऊ शकत नाही. दर वाढले की कंपनी गप्प बसते आणि भाव पुरता उतरतो. म्हणजे वक्र रेषा उलट्या बाजूला वाकते. तपासणे अवघड नाही. दलालाकडून तीन भाव मागावेत: आजचा, दर एक टक्का उतरल्यास अपेक्षित आणि एक टक्का वाढल्यास अपेक्षित. दोन कडेच्या भावांची बेरीज करून त्यातून आजच्या भावाची दुप्पट वजा करावी. आपल्या सरकारी रोख्यात ११३.८४ आणि ८८.६९ मिळून २०२.५३ होतात, त्यातून २०० गेले की अडीच रुपये अधिक उरतात. समजा कंपनीच्या रोख्याचे भाव १०४ आणि ९२ असे सांगितले गेले, तर १९६ मधून २०० गेले, उणे चार. वजाबाकी उणे आली की कन्व्हेक्सिटी उणे आहे, आणि तेथे दुरुस्ती तोटा कमी करत नाही, तो वाढवते. जादा मिळणारे व्याज हा त्याचाच मोबदला असतो. तो पुरेसा आहे की नाही, ते घेणाऱ्याने ठरवावे, पण उणे चार पाहून ठरवावे. तीन भाव देण्यास दलालाने टाळाटाळ केली, तर तेही एक उत्तरच समजावे.

शेवटी, या सर्व हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे: कमी मुदतीचे आणि लांब मुदतीचे सर्व दर एकाच वेळी, सारख्याच फरकाने आणि एका फटक्यात हलले. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँक दर वाढवते तेव्हा अनेकदा जवळच्या मुदतीचे दर जास्त चढतात आणि तीस वर्षांचे दर कमी. एकाच सरकारी रोख्याच्या मालकाला याची अडचण नाही, त्याने आपल्या रोख्याच्या स्वतःच्या दराचा फरक घ्यावा. निरनिराळ्या मुदतींचे रोखे असलेल्याने मात्र एकत्रित ड्युरेशन-कन्व्हेक्सिटीवर विसंबू नये, प्रत्येक मुदतीला वेगळा फरक धरून वर दिलेली ओळ तितक्या वेळा लिहावी. तसेच दरवाढ वर्षभर पसरली तर मधल्या काळात मिळालेले ७ रुपये व्याज आणि एका वर्षाने कमी झालेली मुदत, हे दोन्ही वेगळे मोजावे लागते. पुढील अंकात पेढीच्या मालकांच्या पत्रातील दुसरा प्रश्न घेऊ: तारण ठेवलेल्या रोख्यावरील व्याज कोणाच्या खात्यात जमा होते आणि त्यावरील कर कोण भरतो.